लाल पेनाने खोडलेला बरोबर बाण

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. ऑरगॅनिक कच्चं, म्हणून तिच्याच केमिस्ट्रीच्या वहीवरून मी रोज रात्री एक शीट तयार करतो. मेकॅनिझम, म्हणजे क्रिया पायरीपायरीने कशी घडते ते, उतरवायचं, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण गाळायचे, सकाळी २० मिनिटांत तिने ते भरायचे. वहीशी ताडून मीच तपासतो. २० पैकी ७-८ च्या वर जात नाही. मी नीट म्हणतो, ती केमिस्ट्रीत बीएस्सी म्हणते. स्वतःच्या नोट्ससुद्धा जिला येत नाहीत तिला ही लाइन झेपेल का? तीन शीट सोबत जोडल्या आहेत. (एक वडील, बार्शी)

उत्तर : नमस्कार. शीट दोनदा तपासल्या. तुम्ही मारलेल्या ११ लाल फुल्यांपैकी ७ चुकीच्या आहेत. त्या सातही ठिकाणी तुमच्या मुलीचं बरोबर आहे आणि वहीचं चूक.

पण मला जास्त टोचली ती तिसरी शीट. पहिल्या दोन शीटवर तिने ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून H⁺ कडे बाण काढला होता. तिसरीवर तिने तो उलटा केला, H⁺ पासून ऑक्सिजनकडे, आणि तिथे तुम्ही बरोबरची खूण केलीत. म्हणजे पंधरा दिवसांत ती बरोबर सोडून चूक शिकली, कारण सकाळी सात वाजता समोर तुम्ही आणि घड्याळ होतं. तिने एकदाही "बाबा, वहीत चुकलंय" म्हटलं नाही? की म्हणून पाहिलं आणि नंतर सोडून दिलं? तिला विचारा. उत्तर आवडणार नाही कदाचित.

वहीत ही चूक कशी शिरते हे मला माहीत आहे, मी बारा वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आहे. वर्गात आम्ही बोलताना म्हणतो, "H⁺ इथे अटॅक करतो." मूल ऐकतं आणि हल्ला करणाऱ्यापासून बाण काढतं, लढाईच्या नकाशात काढतात तसा. वाकडा बाण मात्र कोण कुणावर धावून गेला ते सांगत नाही. तो दोन इलेक्ट्रॉन कुठून निघाले आणि कुठे पोचले एवढंच सांगतो. शेपूट जिथे, तिथे इलेक्ट्रॉनची जोडी असलीच पाहिजे, मग ती लोन पेअर असो किंवा बंध. H⁺ जवळ एकही इलेक्ट्रॉन नाही, त्यामुळे त्याच्यापासून कुठलाही बाण निघूच शकत नाही. हा एक नियम डोक्यात बसला तर तुमच्या शीटवरचे निम्मे वाद मिटतात, आणि तो तपासायला केमिस्ट्रीची पदवी लागत नाही.

तुमच्या दुसऱ्या शीटवरचंच उदाहरण घेऊ. ३-मिथाइलब्युटेन-२-ऑल अधिक HBr. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अल्कोहोलच्या धड्याच्या स्वाध्यायात हा प्रश्न आहे. वहीतल्यासारखं H⁺ लिहून सोडवलं तर यात चार पायऱ्या आणि चार बाण होतात. पहिला बाण ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून H⁺ कडे. दुसरा कार्बन-ऑक्सिजन बंधापासून ऑक्सिजनकडे. पाणी निघून जातं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर धन प्रभार येतो. वहीत इथे बाणच नाही, नुसतं "−H₂O" लिहिलंय. तिने बाण काढला, तुम्ही "वहीत नाही" म्हणून फुली मारलीत.

तिसरी पायरी खरी कसोटीची. शेजारच्या, तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या बंधाच्या दोन्ही इलेक्ट्रॉनांसकट सरकून दुसऱ्या कार्बनवर येतो. त्यामुळे धन प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो, तो तीन कार्बनांनी वेढलेला असल्यामुळे जास्त स्थिर असतो. बाण त्या कार्बन-हायड्रोजन बंधापासून सुरू व्हायला हवा. तुमच्या मुलीने तो अधिक चिन्हापासून हायड्रोजनकडे काढलाय. ही तिची खरी चूक, उरलेल्या चार फुल्यांपैकी तीन याच जातीच्या आहेत. चौथा बाण Br⁻ पासून त्या तिसऱ्या कार्बनकडे, आणि हाती येतं २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन.

आता तुमच्या शीटची रचना. तुम्ही बाण खोडता, पण पायरीच्या दोन्ही बाजूंची चित्रं तशीच ठेवता. मग तो "दोन चित्रांतला फरक ओळखा"चा खेळ होतो. काय बदललं ते समोर दिसतंच, तिथे अंदाजाने बाण ठोकून देता येतो. म्हणून काही पायऱ्यांत बाण ठेवून पुढचं चित्र गाळायचं, आणि काहींत फक्त सुरुवातीचे पदार्थ देऊन बाकी कोरं सोडायचं. बाण पाहून पुढचा रेणू काढता आला तरच बाण वाचता येतो असं मी मानते. हायड्रोजन सरकण्याची पायरी तर पूर्ण गाळा, तिथे पायरी आहे हेसुद्धा सांगू नका. ती सुचते का, हाच प्रश्न आहे.

आणि हे सगळं तुम्ही नाही, तिने करायचं. काय गाळलं तर अडेल हे ठरवताना मेकॅनिझम खरं कळतं. रोज रात्री ते काम तुम्ही करता, तिच्या वाट्याला फक्त परीक्षा येते. आठवड्याला दोन शीट पुरेत, घड्याळ नको, गुण नकोत. शीट बनवण्याआधी वहीतलं प्रत्येक मेकॅनिझम पुस्तकाशी ताडायचं. भरून झाल्यावर तिने स्वतः तीन गोष्टी पाहायच्या: शेपटीपाशी जोडी आहे का, एखाद्या कार्बनला पाच बंध झालेत का, आणि पायरीच्या दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार सारखा आहे का. वरच्या उदाहरणात पहिल्या तीन पायऱ्यांत तो दोन्हीकडे +१ राहतो, शेवटच्या पायरीत दोन्हीकडे शून्य. मात्र या तपासणीने प्रत्येक चूक सापडत नाही. हायड्रोजन सरकवायचाच विसरला तरी प्रभार अगदी बिनचूक जुळतो आणि उत्तर मात्र चुकतं. तिथे तिच्या सरांनाच विचारावं लागेल.

नीटबद्दल एकच वाक्य: त्यात केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न पर्यायी असतात, बाण काढून दाखवायला कुणी सांगत नाही, तेव्हा या शीटवरून नीटचा अंदाज बांधणंच चूक. तिला केमिस्ट्रीच करायची असेल तर आयसर आणि नायसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षा, म्हणजे अनुक्रमे आयएटी आणि नेस्ट, शिवाय चांगल्या कॉलेजातली साधी बीएस्सी आणि पुढे एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा, हे रस्ते आहेत.

झेपेल का, हे तीन शीटवरून मी सांगणार नाही. पण वहीत चुकीचा बाण असताना जी मुलगी स्वतःच्या डोक्याने बरोबर बाण काढते, तिला "स्वतःच्या नोट्स येत नाहीत" असं म्हणणं मला पटत नाही. तिने वही पाठ केली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शीट परत पाठवते आहे. सात जागी तुमची फुली पेन्सिलने खोडून शेजारी कारण लिहिलंय. तिसरी शीट तिच्यासोबत बसून वाचा, आणि त्या उलट्या केलेल्या बाणापाशी आधी तुम्ही बोला.