वेल्डचा फोटो बघताना आधी उजेड बघ

तू सरावाच्या वेल्डचा पाठवलेला फोटो पाहिला. ६ मिमीच्या पट्टीवरचा कोनातला वेल्ड पहिल्या महिन्याच्या मानाने बरा आहे, पण समोरून फ्लॅश मारल्यामुळे निम्मे दोष झाकले गेलेत. वेल्डवरचं कडक कवच, म्हणजे स्लॅग, झाडून वायर ब्रश मार, टॉर्च एका बाजूने आडवा धर आणि परत काढ.

मग सावल्या बघ. खड्ड्याची सावली टॉर्चकडच्या कडेला पडते, उंचवट्याची पलीकडे. नवखे इथेच फसतात, उडून चिकटलेल्या धातूच्या थेंबांना, म्हणजे स्पॅटरला, वायूमुळे पडलेली भोकं, म्हणजे पोरोसिटी समजतात.

तुझ्या फोटोत तीन गोष्टी दिसतात:

- उभ्या पट्टीवर, बीडच्या, म्हणजे वेल्डच्या पट्ट्याच्या, वरच्या कडेला सलग काळी रेघ आहे. आडव्या उजेडातही ती खाचेसारखी दिसली तर तो अंडरकट. करंट जास्त किंवा आर्क लांब असला की कड वितळते, पण ती खाच धातूने भरत नाही. करंट थोडा कमी कर, आर्क आखूड ठेव आणि रॉडचा रोख वरच्या कडेकडे जास्त नको.
- सुरुवातीलाच टाचणीच्या टोकाएवढी चार-पाच भोकं आहेत. तिथे गंज किंवा रंग राहिला असेल, नाहीतर रॉड दमट असेल. वरून वेल्ड मारून ती बुजवू नकोस, घासून काढ.
- मध्ये बीड फुगलाय, पुढे बारीक झालाय. म्हणजे हात आधी रेंगाळला, मग पळाला.

आत धातू नीट एकजीव झालाय का, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी एका बाजूनेच वेल्ड केलेला तुकडा हातोड्याने दुमडून तोडून बघ.