होम ट्यूशनचं ॲप: आधी शिक्षक की पालक, आणि कमिशन किती?

प्रश्न: घरी येऊन शिकवणारे शिक्षक आणि पालक यांना जोडणारं ॲप काढतोय. आधी कोणाला जमवू? कमिशन किती ठेवू?

उत्तर: आधी शिक्षक, पण शहरभरातले नकोत. उदाहरणार्थ, पुण्यात फक्त कोथरूड, फक्त दहावीचं गणित, एवढंच धरा. पालकाने विचारल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत शिक्षक मिळत नसेल, तर जाहिरातीवर पैसे घालू नका.

कमिशनची खरी अडचण टक्क्यांत नाही, गळतीत आहे. फी ४,००० असेल तर दरमहा १५ टक्के म्हणजे ६००. दहा महिन्यांचे कागदावर ६,०००. प्रत्यक्षात ओळख झाली की दुसऱ्या महिन्यापासून व्यवहार परस्पर होतो, हातात ६००च येतात. म्हणून पहिल्या महिन्याच्या फीतून एकदाच निम्मे, २,००० घ्या. मात्र शिक्षक महिन्याच्या आत सोडून गेला, तर दुसरा फुकट द्यावा लागेल.