पिन फिनची तीन सूत्रं: कुठलं कधी, आणि चुकलं तर किती?

प्रश्न: पिन फिनसाठी लांब फिन, अ‍ॅडियाबॅटिक टोक आणि कन्व्हेक्टिव्ह टोक अशी तीन सूत्रं दिली आहेत. कुठलं कधी वापरायचं? आमच्या लॅबमध्ये पितळेची पिन आहे, १२ मिमी व्यास, १५० मिमी लांब. मित्राने लांब फिनचं सूत्र लावलं आणि त्याचं उत्तर माझ्यापेक्षा खूप जास्त आलं.

उत्तर:

तुमच्या पिनला अ‍ॅडियाबॅटिक टोकाचं सूत्र लावा, फक्त लांबी D/4 ने वाढवून घ्या. मित्राचं सूत्र या पिनसाठी नाही. १५० मिमी डोळ्याला लांब वाटते, पण उष्णतेच्या हिशेबात लांबी मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, mL मध्ये मोजतात.

```
m = sqrt(4h/(kD))      M = sqrt(hPkA)·θb

लांब फिन:         Q = M
अ‍ॅडियाबॅटिक टोक:  Q = M·tanh(mL)
कन्व्हेक्टिव्ह टोक:  Q = M·(tanh(mL) + B)/(1 + B·tanh(mL)),  B = h/(mk)
```

आता तुमच्याच पिनचे आकडे घालू. पितळेचा k ११० धरतो. ब्लोअर बंद असताना h साधारण १०, मुळाचं तापमान ११० अंश आणि खोलीचं ३०, म्हणजे θb झाला ८०. यावरून m येतो ५.५ आणि mL फक्त ०.८३. M निघतो ५.४८ वॅट, आणि लांब फिनचं सूत्र हाच आकडा उत्तर म्हणून देतं. अ‍ॅडियाबॅटिक सूत्राने ३.७२ वॅट येतात आणि कन्व्हेक्टिव्हने ३.७६. म्हणजे तिसऱ्या सूत्राच्या तुलनेत अ‍ॅडियाबॅटिक १.३ टक्के कमी दाखवतं, तर लांब फिन तब्बल ४६ टक्के जास्त. तुमच्या मित्राचं उत्तर फुगलं ते इथेच.

लांबी १५० ऐवजी १५३ मिमी (L + D/4) घेऊन अ‍ॅडियाबॅटिक सूत्र पुन्हा लावलं, तर उत्तर ३.७६ वर येतं. टोकाच्या गोल चकतीचं जेवढं क्षेत्रफळ, तेवढाच पृष्ठभाग पिन ३ मिमी लांब करून बाजूला मिळतो, म्हणून हे जमतं. त्यामुळे कन्व्हेक्टिव्हचं लांबलचक सूत्र पाठ करायची गरज मला तरी कधी वाटलेली नाही.

कुणाचं बरोबर, हा वाद मिटवायला सूत्रांकडे बघण्यापेक्षा टोकाजवळच्या थर्मोकपलकडे बघा. लांब फिनच्या हिशेबाने टोकाचं तापमान ६५ अंश यायला हवं. अ‍ॅडियाबॅटिक म्हणतं ८९, कन्व्हेक्टिव्ह म्हणतं ८८. तेवीस-चोवीस अंशांची तफावत कुठल्याही लॅबच्या थर्मोकपलला दिसते. तुमचं रीडिंग ऐंशीच्या पुढे असेल तर लांब फिनचं गृहीतक तिथेच बाद. उलट अ‍ॅडियाबॅटिक आणि कन्व्हेक्टिव्ह यांच्यातला साधारण ०.६५ अंशाचा फरक त्या थर्मोकपलवरून ठरवायला जाऊ नका. तेवढी चूक त्याच्या स्वतःच्या वाचनातच असते.

मग लांब फिन चालतं कधी? उष्णता एवढीच काढायची असेल तर mL २.६५ च्या पुढे गेलं की चूक एक टक्क्याच्या आत येते. १.८६ ला ती पाच टक्के असते. पण याच mL = २.६५ ला टोकाचं तापमान विचारलं, तर लांब फिन θb च्या ७ टक्के सांगतं आणि खरं असतं १४ टक्के, म्हणजे सरळ निम्मं. mL कितीही वाढवला तरी टोकाशी हे निम्मंच राहतं, कारण अनंत पिनला टोकच नसतं, आणि खऱ्या पिनच्या टोकाशी उष्णता थोडी अडते. फक्त दोन्ही आकडे इतके छोटे होतात की कुणाला फरक पडत नाही. म्हणून तापमानाचा आलेख काढायचा असेल तर mL साधारण ५ असल्याशिवाय मी लांब फिनला हात लावत नाही. मोठं mL मिळतं ते बारीक आणि उष्णता कमी वाहणाऱ्या पिनमध्ये. ३ मिमीची स्टेनलेस सळई (k = १५) ५० च्या h मध्ये धरली, तर ५० मिमी लांबीलाच mL ३.३ होतो. तुमची पितळेची पिन तिच्या तिप्पट लांब असूनही ‘आखूड’ आहे.

प्रॅक्टिकलमध्ये खरी गडबड उलट दिशेने होते. तिथे बहुतेक वेळा Q माहीत असतो आणि h काढायचा असतो. लांब फिनमध्ये Q हा h च्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून h काढताना चूक वर्गाने वाढते. ३.७६ वॅट घेऊन मित्राच्या सूत्राने h काढा, ४.७ येईल. खरा १०, निघाला अर्ध्याहून कमी. मग हा आकडा नसेल्टच्या सहसंबंधाशी जुळत नाही आणि जर्नलमध्ये ‘उष्णतेची गळती’ असं कारण लिहून मोकळे होतात. व्हायवाला कुणी ‘गळती नेमकी कुठून?’ विचारलं की संपलं.

ब्लोअर लावून h ४० झाला की mL १.६५ होतो आणि चित्र बरंच निवळतं: लांब फिन ७ टक्के जास्त, अ‍ॅडियाबॅटिक अर्धा टक्का कमी. एकाच पिनला सकाळी एक सूत्र चालतं आणि ब्लोअर लावल्यावर दुसरंही जवळपास चालतं, ते यामुळे.

अ‍ॅडियाबॅटिक टोकाची चूक मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरते. टोकाचं क्षेत्रफळ भागिले बाजूचं क्षेत्रफळ, म्हणजे D/4L. चूक जास्तीत जास्त साधारण एवढी होते आणि mL वाढेल तशी कमी होत जाते. तुमच्या पिनमध्ये हे प्रमाण २ टक्के आहे, म्हणून टोक विसरलं तरी बिघडत नाही. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या हीट सिंकवरची बुटकी अ‍ॅल्युमिनियमची पिन घ्या: ५ मिमी व्यास, ५ मिमी उंची, k २००, h ५०. इथे D/4L २५ टक्के आणि mL फक्त ०.०७. L + D/4 न करता अ‍ॅडियाबॅटिक लावलं तर उष्णता २० टक्के कमी दिसते. लांब फिन लावलं तर खऱ्याच्या अकरा पट! ५ मिमीची जागा ६.२५ मिमीने घेतली की अ‍ॅडियाबॅटिकचं उत्तर कन्व्हेक्टिव्हशी तंतोतंत जुळतं.

एक गोष्ट या तिसऱ्या सूत्राबद्दल. ते टोकावर आणि बाजूवर h सारखाच धरतं, आणि L + D/4 हेही तेच धरतं. डक्टमध्ये आडवा वारा पिनच्या बाजूला वळसा घालून जातो, टोकावरून मात्र वेगळ्याच पद्धतीने, तेव्हा दोन्हीकडे h सारखा असेलच असं नाही. समजा टोकावरचा h दुप्पट निघाला. तुमच्या पितळेच्या पिनमध्ये Q जेमतेम सव्वा टक्क्याने बदलेल, आणि मुळातच सहसंबंधातून काढलेल्या h मध्ये २० टक्क्यांची चूक सहज असते, ती इथे Q मध्ये १६-१७ टक्के म्हणून उतरते. त्यापुढे टोकाची काळजी करणं व्यर्थ. बुटक्या पिनमध्ये मात्र हाच बदल Q ला २० टक्के वर नेतो, तेव्हा तिथे तिसऱ्या सूत्राचे तीन-चार दशांश लिहून काही मिळत नाही. टोकावरचा h वेगळा काढावा लागतो आणि तो B मध्ये घालावा लागतो. त्या वेळी L + D/4 चालत नाही, पूर्ण सूत्रच वापरा.