एकाच पायाची कमान बसली: इन्सोल की ऑपरेशन?

प्रश्न: आईचं वय ५६. दीड वर्षात डावं पाऊल आतल्या बाजूने पार टेकायला लागलंय, उजवं ठीक आहे. एक डॉक्टर म्हणतात इन्सोल घाला, दुसरे म्हणतात ऑपरेशन करा. खरं कोणाचं?

दोघांचंही बरोबर असू शकतं. या दुखण्याच्या पायऱ्या आहेत आणि पायरी बदलली की उपचारही बदलतो. मी हाडांचा डॉक्टर आहे, त्यातही बराच काळ पाय-घोट्याचंच काम करतो. न तपासता आईंचा पाय कुठल्या पायरीवर आहे हे सांगणार नाही, पण ते ओळखतात कसं हे सांगतो.

लहानपणापासून दोन्ही पाय सपाट असणं वेगळं. पन्नाशीत एकच पाऊल बसायला लागलं, तर पहिला संशय पोस्टीरियर टिबियल टेंडनवर. ही कंडरा पोटरीतून उतरते, आतल्या घोट्यामागून वळते आणि कमानीच्या माथ्यावरच्या हाडाला धरते. चालताना टाच उचलली की ती टाच आत ओढते, पाऊल कडक होतं आणि त्यावर रेटा देऊन आपण पुढे जातो. घोट्याच्या वळणाशी तिचा रक्तपुरवठा कमी असतो, आणि झीज नेमकी तिथेच सुरू होते. चाळिशीनंतरच्या बायका, वाढलेलं वजन, मधुमेह, रक्तदाब अशांत हे जास्त दिसतं.

माझ्याकडे आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. वय ५२, घरगुती खानावळ, रोज आठ-नऊ तास फरशीवर अनवाणी उभं राहणं, जोडीला मधुमेह. सुरुवातीला आतल्या घोट्यामागे सूज आणि दुखणं होतं. मुरगळला असेल म्हणून क्रेप बँडेज, मग युरिक अ‍ॅसिडची तपासणी, मग झोपवून काढलेला एक्स-रे, तोही 'नॉर्मल'. नॉर्मल येणारच, कमान भार पडल्यावर बसते! त्यानंतर कुणीतरी दुखऱ्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. महिनाभर बरं वाटलं आणि नंतर पाऊल झपाट्याने बसत गेलं. झिजलेल्या कंडरेत स्टिरॉइड दिलं तर ती तुटण्याची भीती असते, म्हणून मी ते टाळतो.

त्या सुरुवातीच्या महिन्यांत काकू पहिल्या पायरीवर होत्या. कंडरा सुजलेली, पण लांबी शाबूत. पाऊल अजून वाकडं नाही. दुखत असलं तरी एका पायावर टाच उचलता येते. तेव्हा चार ते सहा आठवडे वॉकिंग बूट किंवा प्लास्टर, मग टाचेला आतून आधार देणारा इन्सोल आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत कंडरेचे आणि पोटरीचे व्यायाम, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. तीन-चार महिने नीट करूनही सूज हटली नाही, तरच कंडरेभोवतीचं सुजलेलं आवरण काढण्याचा विचार.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बोटं भिंतीला नुसती टेकवायची, चांगला पाय उचलायचा आणि दुखऱ्या पायाच्या चवड्यावर चढायचं. टाच इंचभरही उठली नाही. (गुडघा वाकवून किंवा भिंतीवर रेलून लोक इथे नकळत फसवतात, ते बघावं लागतं.) मागून पाहिलं तर टाच बाहेर कललेली आणि घोट्याच्या बाहेरून तीन बोटं दिसत होती, दुसऱ्या पायाचं जेमतेम एक. दुखणंही आतून सरकून बाहेरच्या घोट्याखाली आलं होतं. पुष्कळांना ती सुधारणा वाटते. खरं तर कललेली टाच आता बाहेरच्या हाडाला घासत असते.

मग त्यांना बसवून टाच हातात धरली आणि मध्यावर आणायला पाहिली. आली. सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो. पाऊल वाकडं, पण हाताने सरळ होतं, ही दुसरी पायरी. होत नाही, सांधे आखडलेत, ही तिसरी. जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी १९८९ मध्ये तीन पायऱ्या मांडल्या, मायरसन यांनी पुढे चौथी जोडली: घोट्याचा आतला लिगामेंट सैल पडून घोटाच कलतो. २०२० मध्ये तज्ज्ञांनी नावासकट वर्गीकरण बदललं, त्यामुळे रिपोर्टवर 'प्रोग्रेसिव्ह कोलॅप्सिंग फूट डिफॉर्मिटी' दिसलं तर गोंधळू नका. लवचीक की ताठ, हा प्रश्न तिथेही पहिलाच आहे.

दुसऱ्या पायरीवर दुकानातला मऊ इन्सोल पुरत नाही. टाच कपासारखी घट्ट धरणारा, मापाचा साचा किंवा घोट्यापर्यंत बांधायचा ब्रेस लागतो, आणि तो चपलेत बसत नाही. काकूंनी घरातही बूट घालायचं कबूल केलं. पाच महिने प्रामाणिकपणे केलं, तरी ओट्याशी अर्ध्या तासावर उभं राहवेना. तेव्हा साखर आटोक्यात आणून ऑपरेशन केलं.

फाटकी कंडरा नुसती शिवून का चालत नाही? तिच्या जागी आपण बाजूची, धाकटी बोटं वाकवणारी कंडरा वळवतो. ती मूळ कंडरेपेक्षा बरीच अशक्त असते. टाच कललेलीच ठेवली तर शरीराचा भार रोज तिच्याविरुद्ध ओढतो आणि तीही ताणून सैल होते. म्हणून टाचेचं हाड कापून सुमारे एक सेंटिमीटर आत सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. काकूंची पोटरीही आखडली होती, गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनात येत नव्हतं, तीही सैल केली. पाऊल पुढून फारच बाहेर वळलेलं असेल, तर बाहेरच्या बाजूचं हाड लांबवावं लागतं. काकूंना त्याची गरज नव्हती. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, पुढचे सहा बुटात, आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष. कमान पूर्वीसारखी झाली नाही, तशी ती सहसा होतही नाही. पण आज काकू एका पायावर टाच उचलतात.

तिसऱ्या पायरीवर हेच ऑपरेशन केलं तर वाया जातं, कारण ताठ सांधा कंडरेला दाद देत नाही. तिथे आधी ब्रेस, आणि नाहीच जमलं तर टाचेजवळचे सांधे सरळ करून जोडून टाकतात. घोट्याची वर-खाली हालचाल राहते, खडबडीत वाटेवर मात्र पाय जुळवून घेत नाही आणि शेजारच्या सांध्यांवर पुढे ताण येतो. ताठ पावलाला टणक, उंच कमानीचा इन्सोल देऊ नका. पाऊल उचलत नाही, कातडी सोलते. चौथ्या पायरीत घोट्याचाही बंदोबस्त करावा लागतो.

आईंना मधुमेह असेल आणि पाऊल गरम, लाल, सुजलेलं असूनही फारसं दुखत नसेल, तर यातलं काहीच करत बसू नका. ते शार्कोचं पाऊल असू शकतं, म्हणजे नसा बधिर झाल्याने हाडं-सांधे नकळत ढासळत असतात; त्याच दिवशी दाखवा.

नाहीतर दोन्ही पावलांचे आणि घोट्यांचे उभं राहून एक्स-रे काढून घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: टाच हाताने मध्यावर येते का? येत असेल आणि आईंनी अजून मापाचा ब्रेस तीन-चार महिने नीट वापरलेला नसेल, तर मी ऑपरेशनची तारीख आत्ताच घेणार नाही.