पाय मोडल्यानंतर कामावर रुजू होताना डॉक्टरांच्या फिटनेस पत्रात काय असावे?

प्रश्न : “नडगीचे हाड मोडल्यामुळे रॉड टाकला होता. आता पाच महिने झाले, मी चालतो. डॉक्टरांनी ‘फिट टू जॉइन ड्यूटी’ असे लिहून दिले, पण बुटीबोरीच्या आमच्या कंपनीने ते पत्र परत केले. मशिनवर आठ तास उभे राहायचे काम आहे. पत्रात नेमके काय लिहून घेऊ?”

उत्तर :

मी नागपुरात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि अशी परत आलेली पत्रे घेऊन येणारे रुग्ण नेहमी पाहतो. कंपनीचा आक्षेप मला रास्त वाटतो. कोणत्या कामासाठी फिट, हे त्या पत्रात लिहिलेलेच नाही. नडगी मोडलेला कारकून हाड पूर्ण जुळण्याआधीही कुबडीच्या आधाराने कार्यालयात येऊन खुर्चीवर बसून काम करू शकतो. तेच हाड मोडलेल्या मशिन ऑपरेटरला तेव्हा कामावर पाठवणे धोक्याचे असते.

आपण चालता, एवढ्यावरून हाड जुळले असे ठरत नाही. रॉड टाकलेल्या पायावर पुष्कळदा लवकरच भार देऊ दिला जातो आणि त्या काळात शरीराचे वजन बऱ्याच अंशी रॉडच पेलत असतो. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी मी समोरून आणि बाजूने असे दोन नवे एक्स-रे पाहतो. या दोन्हींत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात; त्यांपैकी निदान तीन कडांवर मोडलेल्या जागी नव्या हाडाचा पूल तयार झालेला असावा आणि ती जागा दाबल्यावर किंवा पूर्ण भार दिल्यावर दुखू नये. त्यानंतर रुग्णाला न लंगडता चालायला, कठडा न धरता जिना चढायला-उतरायला, उकिडवे बसून उठायला आणि त्याच एका पायावर उभे राहायला सांगतो. पुष्कळ वेळा एक्स-रे उत्तम असतो, पण मांडी आणि पोटरीचे स्नायू इतके वाळलेले असतात की दिवसभर उभे राहिल्यावर घोटा सुजतो. हे एक्स-रेत दिसत नाही, पत्रात मात्र यायला हवे.

आपल्यासारख्याच एका ऑपरेटरचे उदाहरण घेऊ. त्याला आठ तास उभे राहावे लागते, वीस किलोचे सुटे भाग उचलावे लागतात आणि अधूनमधून शिडीवर चढावे लागते. हाड जुळले आहे, पण एका पायावर तो नीट तोल सांभाळू शकत नाही. त्याच्यासाठी मी साधारण असा मजकूर लिहीन :

“श्री. … यांच्या उजव्या नडगीच्या हाडावर दि. … रोजी रॉड बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. आज दि. … रोजी तपासणी केली व नवा एक्स-रे पाहिला. हाड जुळले असून ते आधाराशिवाय चालतात. ते दि. … पासून कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. पहिले चार आठवडे सलग एक तासापेक्षा अधिक उभे राहणे, दहा किलोपेक्षा अधिक वजन उचलणे आणि शिडीवर चढणे टाळावे. दि. … रोजी फेरतपासणीनंतर पूर्ण कामाबाबत कळवण्यात येईल.”

यातील बंधने आणि मुदत ही त्या रुग्णाची आहेत, आपली तपासणीनंतरच ठरतील. मुदत मात्र अवश्य लिहून घ्या. नुसते ‘लाइट ड्यूटी द्यावी’ असे लिहिले की ती कधीपर्यंत आणि कशी द्यायची, हे व्यवस्थापनाला कळत नाही आणि पत्र पुन्हा परत येते. डॉक्टरांकडे जाताना आपल्या कामाचे स्वरूप कंपनीकडून लेखी घेऊन जा. मशिनवर काय करावे लागते, हे त्यांना अंदाजाने ठरवावे लागू नये.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. आधीच्या प्रमाणपत्रात विश्रांती 14 तारखेपर्यंत लिहिली असेल आणि रुजू होण्याची तारीख 18 असेल, तर मधले तीन दिवस रजेत कोठेच बसत नाहीत आणि पगार कापला जाण्याची शक्यता राहते. यासाठी डॉक्टरांना मागची तारीख घालायला सांगू नका; तपासणी ज्या दिवशी झाली तीच तारीख प्रमाणपत्रावर असली पाहिजे आणि खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. विश्रांतीची मुदत संपण्यापूर्वीच तपासणीला गेल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. मोडलेला पाय उजवा की डावा, हेही जुन्या कागदांशी जुळवून पाहा.

पत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, आपली सही आणि शरीरावरील एखादी ओळखखूण असावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत हे सांगितलेले आहे, आणि प्रमाणपत्रांची नोंदवही व प्रत डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवायची असते, त्यामुळे कंपनीला खातरजमा करता येते. आपल्याला मधुमेह वगैरे असल्यास आणि कामाशी त्याचा संबंध नसल्यास तो या पत्रात लिहिण्याची गरज नाही. रजेचा मोबदला ईएसआयकडून घेतला असेल, तर मात्र तेथील डॉक्टरांचे अंतिम प्रमाणपत्रही लागेल.

कामावर रुजू होण्याची परवानगी म्हणजे मोटरसायकल चालवण्याची परवानगी नव्हे. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो. आपला उजवा पाय मोडला असेल, तर वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत स्वतः गाडी नेण्याबद्दल डॉक्टरांना वेगळे विचारा आणि त्यांनी होकार देईपर्यंत कंपनीच्या बसने जा.