सेफ्टी फॅक्टर 2 असूनही टाय-रॉड तुटला, कारण हिशेबात भेग नव्हती

प्रश्न: "4340 स्टीलचा 35 मिलिमीटर व्यासाचा टाय-रॉड. 260 अंशाला टेंपर केलेला, यील्ड 1640 मेगापास्कल. पूर्ण लोडला ताण 820, म्हणजे सेफ्टी फॅक्टर 2. बरेच दिवस अर्ध्या लोडवर व्यवस्थित चालला. पूर्ण लोड पहिल्यांदा दिला आणि मोठा आवाज होऊन सरळ दोन तुकडे झाले. कुठेही ताणून बारीक झालेला नाही. हार्डनेस आणि टेन्साइलचे रिपोर्ट बरोबर आहेत. तुटलेल्या तोंडावर कडेला अर्धचंद्रासारखा तपकिरी डाग आहे, साधारण अडीच मिलिमीटर खोल. मटेरियल चुकीचं आलं असेल का?"

मटेरियल बरोबरच असणार. तुमचे रिपोर्टही खोटे नाहीत. तुमचं उत्तर त्या तपकिरी डागात आहे, आणि तो तुम्ही मोजून लिहिलात हे फार चांगलं केलंत, कारण आता अंदाज न करता आकडे मांडता येतात.

टेन्साइल टेस्टचा तुकडा नीट टर्निंग करून, गुळगुळीत करून घेतलेला असतो. त्यात भेग नसते. म्हणून 1640 हा आकडा फक्त एवढंच सांगतो की धड धातू किती ताणावर कायमचा वाकायला किंवा लांबायला लागतो. भेग असेल तर धातू किती सहन करेल हे त्या टेस्टमध्ये विचारलेलंच नसतं, आणि सेफ्टी फॅक्टर 2 त्याच आकड्यावर उभा आहे.

भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. तिथे नेमका किती ताण आहे असं विचारण्यात अर्थ नाही, कारण टोकाच्या जितकं जवळ जाल तितका तो वाढतच जातो. म्हणून ताणाऐवजी त्या एकवटण्याची तीव्रता मोजतात:

```
K = Y × σ × √(π × a)
```

इथे σ म्हणजे तुमचा 820, a म्हणजे भेगेची खोली मीटरमध्ये, आणि Y भेगेच्या आकारावर ठरतो. पृष्ठभागावरच्या अर्धचंद्राकृती भेगेला Y साधारण 0.71 घेतात. लांबच लांब, ओरखड्यासारखी उथळ भेग असेल तर 1.12. हा K वाढत वाढत एका ठरावीक मर्यादेला पोचला की भेग थांबत नाही, आरपार धावते. ती मर्यादा म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, KIc. 260 अंशाला टेंपर केलेल्या 4340 साठी ती साधारण 50 धरतात. एकक मेगापास्कल-रूट-मीटर, विचित्र वाटतं, पण ताण गुणिले खोलीचं वर्गमूळ एवढंच ते आहे.

आता तुमचे आकडे घाला. a = 0.0025, Y = 0.71, σ = 820. K येतो जवळपास 52. मर्यादा 50. उलटं केलं तर अडीच मिलिमीटरची भेग असलेला हा रॉड सुमारे 795 मेगापास्कलला तुटायला हवा. तुम्ही 820 कडे निघाला होतात, म्हणजे पूर्ण लोड यायच्या जरासं आधीच तो गेला असणार. अर्ध्या लोडला K फक्त 26 होता, म्हणून इतके दिवस काहीच जाणवलं नाही. वाटेत यील्ड लागलाच नाही, त्यामुळे रॉड लांबायचं किंवा बारीक व्हायचं कारणच नव्हतं. खोली अडीचऐवजी 2.35 असती तर 820 ला तो अगदी काठावर असता. KIc चा आकडा एका बॅचपासून दुसऱ्या बॅचला दहा-पंधरा टक्के सहज हलतो, त्यामुळे दशांशावर फार विसंबू नका, पण गोष्ट जुळते आहे.

वर्गमुळामुळे या सूत्रात एक गोष्ट नजरेतून सुटते. ताण दुप्पट केला की चालू शकणारी भेग अर्धी होत नाही, पाव होते. अर्ध्या लोडवर हाच रॉड 9 मिलिमीटरपेक्षा खोल भेग घेऊनही कागदावर उभा राहिला असता. म्हणून "अर्ध्या लोडवर इतके दिवस चालला" याचा पूर्ण लोडबद्दल फारसा पुरावा होत नाही.

आता तो डाग. भेग टेंपरिंगच्या भट्टीत जायच्या आधीच उघडी असली तर तिच्या दोन्ही भिंतींवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि रंग येतो. 260 अंशाच्या आसपास तो पिवळसर ते तपकिरी असतो. म्हणजे ही भेग क्वेंचिंगमध्ये, तापवलेलं स्टील झटक्यात थंड करताना, पडली आणि नंतर टेंपर झाली असं दिसतं. मात्र गंजही तपकिरीच असतो, तेव्हा खात्री करून घ्या. टेंपरचा रंग फिल्मसारखा एकसंध असतो, बोटाने किंवा चिकटपट्टीने निघत नाही. गंज भुगा होऊन निघतो, आणि त्याखाली शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार रेषा दिसल्या तर ती चालता चालता वाढलेली फटीगची भेग आहे, मग गोष्ट वेगळी. माझ्याकडे एकदा असाच तुकडा आला होता. आम्ही घाईत गंज म्हणून घासून टाकला आणि एकमेव पुरावा गेला. तुम्ही ते तोंड ब्रशने घासू नका, दोन्ही तोंडं एकमेकांवर जुळवून पाहण्याचा मोहही आवरा. कोरडं ठेवा आणि स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायला द्या. डागाच्या भागात खडीसाखरेच्या खड्यांसारखे कण सुटे सुटे दिसले तर भेग कणांच्या सीमांवरून गेली आहे, आणि क्वेंच क्रॅक बहुतेक वेळा तसाच दिसतो. उरलेल्या तोंडावर उमटलेल्या बाणासारख्या रेषा त्या डागाकडेच बोट दाखवत असतील.

मग भेग किती लहान असती तर यील्ड आधी आला असता? त्याच सूत्रात σ च्या जागी 1640 घाला. उत्तर येतं सुमारे 0.6 मिलिमीटर, आणि ओरखड्यासारख्या लांब भेगेसाठी पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे थ्रेडच्या बुडाशी टूलने काढलेली एक बारीक रेषा किंवा ग्राइंडिंगच्या अति उष्णतेने पडलेली जाळी या धातूला यील्डच्या आतच तोडायला पुरते. साधं माइल्ड स्टील घेतलं, यील्ड 250 आणि टफनेस ढोबळ 140, तर ओरखड्याच्या भेगेसाठी हाच हिशेब 80 मिलिमीटरच्या आसपास जातो. एवढी भेग असेल तर रॉडच उरत नाही, म्हणून माइल्ड स्टीलच्या रॉडच्या बाबतीत सामान्य तापमानाला भेगेचा विचार न करता भागतं, आणि ती सवय आपण हाय स्ट्रेंग्थ स्टीलवरही आणतो. नेमकी चूक तिथे होते. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या: हे सूत्र तेव्हाच खरं असतं जेव्हा भाग आणि भेग दोन्ही 2.5 × (KIc/यील्ड)² पेक्षा मोठे असतात. तुमच्या रॉडला तो आकडा 2.3 मिलिमीटर येतो, म्हणजे तुमची भेग जेमतेम त्याच्यावर आहे, तरी चालते. माइल्ड स्टीलला तो पाऊण मीटरपेक्षा जास्त येतो, म्हणून तो 80 चा आकडा फक्त प्रमाण कळावं म्हणून दिला, डिझाइनमध्ये वापरू नका.

आता करायचं काय. टेंपरिंगचं तापमान 425 अंशाला न्या. यील्ड 1640 वरून 1420 वर येतो, म्हणजे तेरा-चौदा टक्के जातात आणि सेफ्टी फॅक्टर 1.7 दिसायला लागतो. डिझाइनवाले नाराज होतील. पण टफनेस 50 वरून 87 होतो, आणि तो सूत्रात वर्गाने येत असल्यामुळे 820 ला चालणारी अर्धचंद्र भेग 2.35 वरून 7 मिलिमीटरच्या वर जाते. तिप्पट. तुमचा हाच अडीच मिलिमीटरचा तुकडा 425 ला टेंपर केला असता तर त्या दिवशी तुटला नसता. फक्त "मधला मार्ग" म्हणून 300-320 अंश घेऊ नका. त्या पट्ट्यात टेंपर केल्यावर 4340 उलट ठिसूळ होतं, इम्पॅक्ट टेस्टचे आकडे खाली पडतात.

तपासणीत नेहमी चुकीचा प्रश्न विचारला जातो. "तुमच्या टेस्टमध्ये सर्वांत लहान किती भेग सापडते" याला महत्त्व नाही. "सर्वांत मोठी किती भेग नजरेतून सुटू शकते" हे विचारा, आणि तो आकडा तुमच्या 2.35 पेक्षा बराच लहान आहे का ते पाहा. 4340 ला मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट चांगली लागू पडते, पण ती टेंपर आणि अंतिम ग्राइंडिंग दोन्ही झाल्यावर करा. तुमच्याकडे ती बहुधा हार्डनिंगच्या आधी कच्च्या मालावर होत असेल. तसं असेल तर ही भेग सापडणं शक्यच नव्हतं.

दुसरा उपाय प्रूफ लोडचा. 1.25 पट, म्हणजे 1025 मेगापास्कल एकदा देऊन रॉड टिकला, तर त्यात दीड मिलिमीटरपेक्षा खोल अर्धचंद्र भेग नाही हे सिद्ध होतं. यात रॉड स्वतःच तपासनीस असतो. अमेरिकन हवाई दलाने एफ-111 विमानांवर हेच केलं. डिसेंबर 1969 मध्ये जेमतेम शंभरेक तास उडालेल्या एका विमानाचा पंख हवेत तुटला. पंखाच्या पिव्होटचा भाग डी6एसी या हाय स्ट्रेंग्थ स्टीलचा, आणि त्यात फोर्जिंगच्या वेळचीच सुमारे 22 मिलिमीटर रुंद भेग होती, तपासणीत सुटलेली. त्यानंतर विमानं उणे 40 अंशाला थंड करून त्यांच्यावर प्रूफ लोड द्यायला लागले. थंडीत स्टीलचा टफनेस घटतो, त्यामुळे तिथे टिकलेलं विमान उड्डाणाच्या तापमानाला जास्त फरकाने सुरक्षित असतं.

आणि त्याच क्वेंच बॅचचे बाकीचे टाय-रॉड आजच उतरवा. क्वेंच क्रॅक एकट्या रॉडला क्वचितच पडतो, आणि ते सगळे अजून अर्ध्या लोडवर निवांत उभे असतील. थ्रेडचं बूड आणि व्यास बदलतो ती खांद्याची जागा आधी तपासा. झिंक प्लेटिंग केलं असेल तर तेही सांगा, कारण या स्ट्रेंग्थच्या स्टीलमध्ये प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरला की 50 च्या खूप खालच्या K लाही भेग हळूहळू सरकत राहते, आणि मग वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.