भाड्याच्या गाळ्यातलं काम : किती खर्ची टाकायचं, कशावर घसारा घ्यायचा

प्रश्न : «दादरला भाड्याच्या गाळ्यात पोळीभाजी केंद्र आहे. डिसेंबरमध्ये काम काढलं. कंत्राटदाराने साडेतीन लाखांचं एकच बिल दिलंय. शिवाय ८० हजारांचा डीप फ्रीझर आणि ४० हजारांचा बिलिंगचा कॉम्प्युटर घेतला. सगळं याच वर्षी खर्ची टाकता येईल का?»

सगळं नाही. पण त्याआधी एक बघा. तुम्ही उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा गृहीत धरून रिटर्न भरत असाल, तर यातलं काहीच वेगळं वजा होत नाही. घसाराही त्यातच मिळाला असं मानलं जातं. खाली लिहिलंय ते वह्या ठेवून खरा नफा दाखवणाऱ्यांसाठी.

आता तुमचं बिल. त्यावर बहुधा «गाळ्याचे नूतनीकरण, एकरकमी ३,५०,०००» एवढीच ओळ असेल. खरी अडचण तीच आहे. अशा बिलावरून दुरुस्ती कुठली आणि नवीन काम कुठलं हे सिद्ध करता येत नाही, आणि मग अधिकारी सगळी रक्कम भांडवली धरतो. कंत्राटदाराकडून कामवार बिल घ्या : लादी किती चौरस फूट, रॅक किती रनिंग फूट, दर काय. विभागणी मात्र झालेल्या कामाशी जुळलीच पाहिजे. काम सुरू होण्याआधीचे फुटक्या लाद्यांचे आणि गळक्या भिंतीचे फोटो असतील तर ते बिलाला जोडून ठेवा.

समजा, त्यातले ९०,००० फुटक्या लाद्या बदलणं, जळकी वायर बदलणं आणि रंग यांचे निघाले, १,६०,००० नव्या लोखंडी पोटमाळ्याचे आणि १,००,००० लाकडी काउंटर व रॅकचे.

इथे रकमेचा आकडा बघू नका. जे होतं ते पूर्वीसारखं चालू राहावं म्हणून खर्च झाला की नवीन काही हाती आलं, एवढंच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सरवण स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात यंत्रांच्या चालू दुरुस्तीला साधारण हीच कसोटी लावली. लादी फुटली म्हणून तिच्या जागी लादी आली, ती दुरुस्ती. ९०,००० पूर्ण याच वर्षी खर्ची पडतात. पोटमाळ्याने मात्र पूर्वी नसलेली जागा मिळाली, म्हणून तो भांडवली. रंगापैकी पोटमाळ्याला लागलेला रंगही त्याच्याच किमतीत जातो. लोक हे हमखास विसरतात.

गाळा मालकाचा, मग पोटमाळ्यावर घसारा कसा? धंद्याच्या भाड्याच्या जागेत भाडेकरूने भांडवली बांधकाम केलं, तर घसाऱ्यापुरती ती त्याचीच इमारत धरली जाते. दर १० टक्के. फर्निचरलाही १० टक्के, फ्रीझरला यंत्रसामग्री म्हणून १५, कॉम्प्युटरला ४०.

पण तुमचं काम डिसेंबरचं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की पहिल्या वर्षी अर्धाच दर लागतो. साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत वापर सुरू झाला तरच पूर्ण दर. तारीख वापर सुरू झाल्याची धरायची, बिलाची नाही. खोक्यात पडून राहिलेल्या फ्रीझरवर घसारा नाही. म्हणून या वर्षी :

पोटमाळा १,६०,००० वर ५ टक्के : ८,०००
फर्निचर १,००,००० वर ५ टक्के : ५,०००
फ्रीझर ८०,००० वर साडेसात टक्के : ६,०००
कॉम्प्युटर ४०,००० वर २० टक्के : ८,०००

घसारा २७,००० आणि दुरुस्ती ९०,०००, म्हणजे ४,७०,००० पैकी या वर्षी १,१७,००० वजा. उरलेले ३,५३,००० बुडाले नाहीत. पुढच्या वर्षी शिल्लक किमतीवर पूर्ण दराने ४८,६०० मिळतील, मग दरवर्षी कमी कमी. «यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ» असं मात्र चालत नाही. तुम्ही घ्या वा न घ्या, कायदा तो दिला असंच धरतो आणि शिल्लक किंमत खाली येते.

कंत्राटदाराला पैसे कसे दिले, हेही तपासा. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली असेल, तर दुरुस्तीची ती रक्कम खर्च म्हणून नाकारली जाते आणि मालमत्तेच्या बाबतीत ती किमतीतच धरली जात नाही. पोटमाळ्याचे ५०,००० एकाच दिवशी रोख दिले असतील, तर घसारा १,१०,००० वरच, आणि हे मागाहून दुरुस्त करता येत नाही.

बिलातल्या जीएसटीचा परतावा तुम्ही घेत नसाल (५ टक्केवाल्या खाद्यधंद्यात तो मिळत नाही), तर तो किमतीत मिळवा. परतावा घेत असाल तर त्या रकमेवर घसारा नाही.

घरमालकाला दिलेलं डिपॉझिट यात कुठेच येत नाही. ते परत मिळणारं येणं आहे.

जुना फ्रीझर भंगारात दिला असेल, तर त्याचं नुकसान वेगळं खर्ची टाकू नका. मिळालेले दोन-चार हजार १५ टक्क्यांच्या यंत्रांच्या गटातून वजा करा. गटात नवा फ्रीझर आहे तोवर जुन्याची उरलेली किंमत त्याच गटात राहते आणि तिच्यावर घसारा मिळत राहतो.